गाडी अडते, घड्याळ चालूच असते

२८ मे २०२४, मंगळवार. सायंकाळी पाचच्या सुमारास पालघर स्थानकात एक मालगाडी घसरली. पोलादी पत्र्यांची अवजड वेटोळी घेऊन ती विशाखापट्टणमहून गुजरातेतील करंबेलीकडे निघाली होती. डबे रुळांवर आडवे झाले, वेटोळी मार्गावर घरंगळली आणि मुंबई ते गुजरात हा पश्चिम रेल्वेचा राजमार्ग काही तासांत ठप्प झाला. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी कित्येक गाड्या रद्द झाल्या, काही मध्येच थांबवण्यात आल्या, काही दुसऱ्या मार्गाने वळवल्या गेल्या. डहाणू मार्गावरील लोकलही विस्कळीत झाल्या.

पापडीच्या एका भांडी-व्यापारी कुटुंबात नेमके ३० मे रोजी सुरतेस लग्न होते. नाव सांगण्याचे कारण नाही. आपल्या वाचकांपैकी अनेकांना ते घर ओळखता येईल, आणि त्यांनीच ही हकीगत लिहिण्यास संमती दिली आहे. घरातील मंडळी चार वेगवेगळ्या तिकिटांवर निघणार किंवा येणार होती. चौघांचीही गाडी अडली ती त्याच अपघातामुळे. परंतु चौघांना मिळालेला परतावा मात्र निरनिराळा. एकाला पूर्ण रक्कम, दुसऱ्याला निम्मी, तिसऱ्याला बऱ्याच काळाने, आणि चौथ्याला काहीच नाही. हा फरक नशिबाचा नव्हता. ज्याने त्याने कोणती गोष्ट कोणत्या घटकेला केली, त्याचा तो फरक होता.

आरक्षित तिकिटाच्या परताव्याचे नियम १२ नोव्हेंबर २०१५ पासून लागू झाले. त्यांची भाषा रुक्ष आहे, परंतु गाभा सोपा आहे. गाडी विस्कळीत झाली तर रेल्वे आपल्याला दोनच प्रश्न विचारते : गाडीचे नेमके काय झाले, आणि तुम्ही आम्हाला कधी कळवले? पहिल्याचे उत्तर रेल्वेच्या नोंदीत असते, दुसऱ्याचे आपल्या हाती. आपली मंडळी पहिल्या प्रश्नावर स्थानकात तासभर वाद घालतात आणि दुसऱ्याकडे लक्षच देत नाहीत.

थोरल्या बंधूंपासून सुरुवात करू. त्यांच्याकडे चौघांचे वातानुकूलित खुर्चीयानाचे ई-तिकीट होते, २९ तारखेच्या सकाळी साडेसहाच्या गाडीचे, एकूण सुमारे २,४०० रुपयांचे. २८ च्या रात्री दहा वाजता दूरदर्शनवर आडवे झालेले डबे पाहून त्यांनी ठरवले की सकाळी गाडी जाणे शक्य नाही. त्यांनी मोबाइल उघडला आणि तिकीट रद्द केले. गाडीला तेव्हा साडेआठ तास अवकाश होता. त्या वेळच्या नियमाप्रमाणे निम्मे भाडे कापले गेले. दीड तासाने रेल्वेने ती गाडी अधिकृतपणे रद्द केली. त्याच गाडीत त्यांच्या शेजारच्या बाकाचे तिकीट असलेल्या व्यापारी मित्राला आठवड्याभरात पूर्ण रक्कम खात्यात मिळाली, आणि त्याने तर एक बोटही हलवले नव्हते.

यातले मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. गाडी तिच्या संपूर्ण मार्गावर रद्द झाली असेल, तर ई-तिकीटधारकाला काहीच करावे लागत नाही. पैसे ज्या खात्यातून गेले त्या खात्यात आपोआप परत येतात. आपण स्वतः रद्द केले, तर नोंद होते ती ‘प्रवाशाने रद्द केले’ अशी. मागाहून गाडीही रद्द झाली म्हणून ती नोंद बदलत नाही. तेव्हा गाडीचा निर्णय लागेपर्यंत हात आवरणे हाच व्यवहार. बंधूंनी मला विचारले, “मग काय, तिकीट धरून बसायचे? आणि गाडी निघालीच तर?” गाडी निघाली तर आपला प्रवास होतो, ती तीन तासांहून उशिरा निघाली तर पुढे सांगितलेला मार्ग आहेच. धरून बसण्यात तोटा फार थोडा, सोडण्यात मात्र नक्कीचा.

मात्र ‘रद्द’ या शब्दाचेही दोन अर्थ आहेत, आणि येथे भले भले फसतात. गाडी पूर्ण रद्द होणे वेगळे आणि अंशतः रद्द होणे वेगळे. पालघरसारख्या प्रसंगी मुंबईहून सुटणारी गाडी अनेकदा वलसाड किंवा सुरतेहून सोडली जाते. रेल्वेच्या लेखी ती गाडी धावली. फक्त आपल्या स्थानकापासून धावली नाही. अशा वेळी आपोआप परतावा येईल म्हणून वाट पाहणारा वाटच पाहत राहतो. त्याला टीडीआर भरावा लागतो, तोही गाडीच्या नियोजित वेळेपासून ७२ तासांत. मार्ग वळवल्यामुळे गाडी आपल्या स्थानकाला आलीच नाही, किंवा वळवलेल्या मार्गाने जाण्याची आपली इच्छा नाही, तेथेही तोच ७२ तासांचा हिशेब. सुरतेहून जळगाव, मनमाड, कल्याण अशा फेऱ्याने मुंबईस आणलेली गाडी वसई रोडला येणार कोठून?

टीडीआर हा शब्द आता दोनदा आला. पूर्वी खिडकीवर कागदी तिकीट जमा करून त्याची पावती घेत. ती तिकीट-ठेव पावती म्हणजे टीडीआर. ई-तिकिटात कागद नसल्याने ती पावती म्हणजे एक अर्जच झाला आहे. आयआरसीटीसीच्या खात्यात ज्या ठिकाणी जुनी तिकिटे दिसतात तेथेच ‘File TDR’ असा पर्याय असतो. पीएनआर निवडायचा, प्रवास न केलेल्या व्यक्तींच्या नावापुढे खूण करायची, कारणांच्या यादीतून आपले कारण निवडायचे आणि अर्ज सादर करायचा. दोन मिनिटांचे काम. परंतु कारण अचूक निवडावे लागते. गाडी उशिरा होती म्हणून गेलो नाही, असे असताना ‘गाडी वळवली’ हे कारण निवडले, तर रेल्वे आपल्या नोंदीत पाहते, गाडी वळवलेली आढळत नाही, आणि अर्ज नामंजूर होतो. अर्जाचा निर्णय आयआरसीटीसी करीत नाही. ती केवळ अर्ज पुढे पाठवते. निर्णय संबंधित विभागीय रेल्वे करते, आणि त्याला दोन-तीन महिनेही लागू शकतात.

आता पुतण्याची गोष्ट. त्याचे तिकीट तत्काळमधले होते, २८ च्याच रात्री नऊच्या सुमारास मुंबई सेंट्रलहून सुटणाऱ्या गाडीचे. आरक्षण करतानाच त्याने चढण्याचे स्थानक बोरिवली असे लिहिले होते. निश्चित झालेले तत्काळ तिकीट आपण होऊन रद्द केल्यास एक रुपयाही परत मिळत नाही, हे व्यापारी माणसाला सांगावे लागत नाही. म्हणूनच पुष्कळांचा समज असा होतो की तत्काळ म्हणजे पैसे गेलेच. तो समज चुकीचा आहे. गाडी तीन तासांहून अधिक उशिरा सुटणार असेल आणि आपण प्रवास केला नाही, तर तत्काळ तिकिटाचेही पूर्ण भाडे परत मिळते. साध्या आरक्षणाचे मिळते, आरएसीचेही मिळते.

अट एकच, आणि ती कठोर आहे. ई-तिकिटाचा टीडीआर गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी भरला पाहिजे. नियोजित वेळेपूर्वी नव्हे, प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी. गाडी नऊऐवजी दीड वाजता सुटणार असेल, तर दीड वाजेपर्यंत आपल्याला अवधी आहे. गाडीने स्थानक सोडले की दार बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना अर्ज भरणाऱ्यांचे अर्ज या एकाच कारणावरून परत येतात, आणि मग दोष रेल्वेला दिला जातो.

पुतण्या साडेनऊला बोरिवलीस पोहोचला. फलकावर गाडीची वेळ रात्री दीडची दिसत होती. त्याने आधी १३९ वर विचारून खात्री केली, मग रेल्वेच्या गाडी-चौकशी प्रणालीवर, जिला एनटीईएस म्हणतात, तीच वेळ पाहिली आणि त्या पडद्याचे छायाचित्र काढून ठेवले. त्यानंतर त्याने पर्यायी सोय पाहिली. वसई फाट्यावरून रात्री महामार्गाने सुरतेकडे जाणाऱ्या एका खासगी बसमध्ये जागा मिळाल्यावर, आणि नंतरच, पावणेबाराला टीडीआर भरला. हा क्रम महत्त्वाचा. टीडीआर भरला की ते तिकीट मेले. मग गाडी आली तरी त्यात बसता येत नाही. आधी पर्याय, मग अर्ज.

येथे दोन बारकावे आहेत. पहिला : उशीर मोजायचा कोठे? तो मोजला जातो आपले तिकीट ज्या स्थानकापासून काढले आहे तेथे. तत्काळच्या नियमात तर स्पष्टच म्हटले आहे की प्रवासाचे मूळ स्थानक आणि चढण्याचे स्थानक वेगळे असतील, तर मूळ स्थानकावरील उशीर धरावा. आपल्याकडे वसई, विरार, बोरिवलीची मंडळी मुंबई सेंट्रल किंवा वांद्र्याहून तिकीट काढतात आणि जवळच्या स्थानकात चढतात. गाडी मुंबई सेंट्रलहून वेळेवर सुटली, पण वाटेत अडकून बोरिवलीस साडेतीन तासांनी आली, तर तत्काळ तिकिटाचा हा हक्क लागू होत नाही. पुतण्याच्या बाबतीत गाडी मुंबई सेंट्रलहूनच साडेचार तास उशिरा निघाली, म्हणून त्याचे काम झाले.

दुसरा बारकावा असा की उशीर म्हणजे अंदाजित उशीर नव्हे. फलकावर तीन तास वीस मिनिटे दाखवीत असतात, आपण टीडीआर भरतो, आणि गाडी मध्यंतरी सावरून दोन तास पन्नास मिनिटांनीच सुटते. मग अर्ज नामंजूर, प्रवासही गेला. त्यामुळे उशीर तीन तासांच्या उंबरठ्यावर घुटमळत असेल तर घाई करू नये, शक्य तितके थांबून पाहावे. मार्ग चांगलाच बंद असेल, जसा त्या रात्री होता, तर हा प्रश्न उरत नाही.

आत्याबाईंचे तिकीट कागदी होते. वसई रोड स्थानकाच्या खिडकीवर जाऊन स्वतः रांगेत उभे राहून काढलेले. मोबाइलवरच्या तिकिटावर त्यांचा आजही विश्वास नाही. त्यांची २९ तारखेची गाडी रद्द झाली. त्या मोटारीने सुरतेस गेल्या, लग्नकार्यात रमल्या, ३ जूनला परतल्या आणि ४ तारखेला पर्समधून तिकीट काढून भाच्याला म्हणाल्या, “अरे, हे पैसे परत आणून दे, गाडी रद्द झाली होती ना!” भाचा खिडकीवर गेला आणि रिकाम्या हाताने परतला. गाडी रद्द झाल्यास खिडकीवरील तिकिटाचे पैसे आपोआप येत नाहीत. ते तिकीट नियोजित दिवसापासून तीन दिवसांच्या आत कोणत्याही आरक्षण खिडकीवर नेऊन द्यावे लागते. ‘कोणत्याही’ हा शब्द मी मुद्दाम लिहिला. आत्याबाईंना वसईला परतण्याची गरजच नव्हती. सुरतेच्या खिडकीवर तिकीट दिले असते तरी तेथेच पैसे मिळाले असते. गाडी रद्द न होता तीन तासांहून उशिरा असेल, तर कागदी तिकीटही गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वीच खिडकीवर परत द्यावे लागते. मुदत टळल्यावर मुख्य वाणिज्य व्यवस्थापकांच्या परतावा कार्यालयाकडे मूळ तिकिटासह अर्ज करता येतो, परंतु तो त्यांच्या मर्जीचा भाग, आपला हक्क नव्हे.

आता जावयांचा प्रसंग, आणि माझ्या मते चारही प्रसंगांत हाच सर्वांत शिकण्यासारखा. ते अहमदाबादेहून मुंबईस येत होते, वसईला उतरून लग्नघरची काही मंडळी बरोबर घेण्यासाठी. त्यांची गाडी पालघरच्या बऱ्याच अलीकडे थांबली. तास, दीड तास गेला. डब्यातील निम्मे प्रवासी सामान उचलून उतरले आणि रिक्षा, जीप, जे मिळेल त्याने महामार्गाकडे निघाले. जावईही निघण्याच्या बेतात होते. तेवढ्यात डब्यातील एक वयस्कर प्रवासी त्यांना म्हणाले, “साहेब, गाडी संपली असे कुणी सांगितले का? नाही ना? मग आत्ता उतरलात तर तुम्ही उतरलात, गाडी नाही थांबली.”

हे वाक्य मी लिहून ठेवले आहे. गाडी थांबून राहणे आणि गाडीचा प्रवास तेथेच संपवला जाणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रेल्वेने ती गाडी तेथे संपवल्याचे जाहीर केले, आणि पुढे नेण्याची काहीच व्यवस्था केली नाही, तर अपघात, पूर किंवा मार्ग खचल्याने प्रवास तुटला असे मानून पूर्ण तिकिटाचे भाडे परत मिळते. आपण अर्धा मार्ग आलो म्हणून ते कापले जात नाही. रेल्वेने बस किंवा दुसरी गाडी देऊ केली आणि आपणच ती नाकारली, तर झालेल्या प्रवासाचे भाडे कापून उरलेले मिळते. आणि गाडी संपलेली नसताना आपण कंटाळून उतरलो, मग सहा तासांनी का होईना ती मुंबईस पोहोचली, तर काहीच मिळत नाही.

जावई थांबले. पाऊण तासाने ध्वनिक्षेपकावरून घोषणा झाली की गाडी येथूनच परत जाईल. त्यांनी तिकीट तपासनिसाला गाठून तसे विचारून घेतले, एनटीईएसवरची नोंद टिपून घेतली आणि मग उतरले. त्या रात्रीच, म्हणजे मुंबईस पोहोचण्याच्या नियोजित वेळेपासून ७२ तासांच्या कितीतरी आधी, त्यांनी ‘गाडी गंतव्याच्या अलीकडे संपवली’ या कारणाने टीडीआर भरला. रक्कम आली, पण पावसाळा अर्धा उलटल्यावर. कागदी तिकीट असते तर ते त्याच स्थानकावर स्थानक-अधीक्षकांकडे देऊन तेथेच पैसे किंवा तिकीट-ठेव पावती घ्यावी लागली असती. पावती मिळाली की तिच्यासह दहा दिवसांच्या आत परतावा कार्यालयाकडे अर्ज करायचा.

थांबून राहण्याचा हा सल्ला वसईकरांनी तरी केवळ पैशाच्या हिशेबाने वाचू नये. १० जुलै २०१८ आपल्यापैकी कोण विसरला असेल? वसई रोड आणि विरारदरम्यान रूळ पाण्याखाली गेले, लोकल बंद पडल्या, आणि मुंबईकडे येणारी वडोदरा एक्सप्रेस नालासोपाऱ्याजवळ अडकून पडली. अखेर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी प्रवाशांना बाहेर काढले. त्या दिवशी पापडीतही रस्त्यांवर पाणी होते. मी स्वतः दुकानाच्या ओट्यावर बसून लोकांना जाताना पाहिले आहे. रुळांशेजारची गटारे आणि खड्डे त्या पाण्यात दिसत नाहीत. डब्यात पिण्याचे पाणी संपत असेल, कुणी आजारी असेल, तर १३९ वर किंवा रेल्वे मदद या अ‍ॅपवर पीएनआर, डबा आणि आसन क्रमांक देऊन तक्रार नोंदवावी. तिचा क्रमांक मिळतो, आणि आपली गाडी कधी, कोठे, किती वेळ उभी होती याचा तो एक दिनांकित पुरावाही होतो. चौविहार पाळणाऱ्या ज्येष्ठांबरोबर असताना खाखरे आणि उकळलेले पाणी हाताशी ठेवण्याची आपली जुनी सवय अशा वेळी किती उपयोगी पडते, ते अडकलेल्यालाच कळते.

दोन गाड्यांच्या प्रवासाविषयी थोडक्यात. पहिली गाडी उशिरा पोहोचल्याने दुसरी सुटली, तर दुसऱ्या प्रवासाचे भाडे रद्द शुल्काशिवाय परत मिळते, परंतु दोन्ही पीएनआर एकमेकांना जोडलेले असले पाहिजेत. ही सोय एप्रिल २०१९ पासून आहे. त्यासाठी दोन्ही तिकिटांवर प्रवाशांची माहिती सारखी हवी, आणि पहिली गाडी जोडस्थानकात प्रत्यक्ष पोहोचल्यापासून तीन तासांत दुसरे तिकीट परत द्यावे किंवा टीडीआर भरावा लागतो. तीन तास म्हणजे फलाटावर उतरून सामान मोजून विश्रांतिगृहात टेकेपर्यंत निघून जाणारे तास.

रेल्वे अडल्याने मुंबईचे विमान चुकले, तर विमान कंपनीचा दोष नसतो. तरीही विमान सुटण्यापूर्वी कंपनीला कळवून तारीख बदलण्याचा प्रयत्न करावा. ते न जमल्यास, तिकीट ‘परतावा नाही’ या प्रकारातले असले तरी त्यातील शासकीय कर आणि विमानतळाचे वापर-शुल्क परत मागता येते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा तसा नियम आहे. रक्कम लहान असते म्हणून कुणी मागत नाही, आणि मागितल्याशिवाय ती बहुधा कुणी देत नाही.

परतावा म्हणजे भाडे परत. परंतु रेल्वेच्या उशिरामुळे जे इतर नुकसान झाले त्याचे काय? येथे संजय शुक्ला यांच्या खटल्याची माहिती असावी. जून २०१६ मध्ये ते कुटुंबासह अजमेर-जम्मू एक्सप्रेसने निघाले. गाडी जम्मूस सुमारे चार तास उशिरा पोहोचली आणि त्यांचे श्रीनगरचे विमान चुकले. टॅक्सीसाठी १५,००० रुपये गेले, शिवाय मुक्कामाच्या आरक्षणाचे पैसे बुडाले. अलवरच्या जिल्हा ग्राहक मंचाने त्यांना भरपाई दिली. रेल्वेचे म्हणणे असे की गाडी वेळेवर पोहोचेलच याची हमी आमच्या नियमांत नाही. ६ सप्टेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. उशीर का झाला हे रेल्वेने पुराव्यानिशी सांगितले पाहिजे, तो आपल्या हाताबाहेरचा होता हे सिद्ध केले पाहिजे. ते न केल्यास सेवेतील उणीव मानली जाईल, असा तो निकाल. टॅक्सीचे १५,०००, आरक्षणाचे १०,०००, आणि मनस्ताप व खटल्याचा खर्च यांपोटी प्रत्येकी ५,००० रुपये कायम झाले.

या निकालाचा अर्थ मात्र ताणू नये. १० जुलै २०१८ चा पूर किंवा रूळ अडवणारा अपघात यांचे कारण रेल्वे दाखवू शकते. अशा वेळी भाड्याचा परतावा हाच खरा हक्क, नुकसानभरपाईचा दावा दुबळा. कारण न सांगता गाडी चार-पाच तास रखडली आणि त्यामुळे सौदा, विमान किंवा परीक्षा हुकली, तर दावा सबळ. ग्राहक आयोगात तो दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येतो, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. पावत्या मात्र हव्यात. टॅक्सीवाल्याला रोख दिले आणि कागद घेतला नाही, तर न्यायाधीशाने काय पाहून द्यायचे?

जाता जाता आपल्या बाजारपेठेतल्या एका सवयीबद्दल. आपल्यापैकी बहुतेकांची तिकिटे दलालाकडून किंवा दुकानातल्या मुलाच्या खात्यावरून निघतात. दलालाने काढलेल्या तिकिटाचा टीडीआर आपल्या खात्यातून भरता येत नाही. तो त्यालाच भरावा लागतो, आणि पैसेही प्रथम त्याच्याकडे जातात. रात्री साडेबाराला गाडी सुटण्याच्या बेतात असताना दलालाचा दूरध्वनी बंद असतो. म्हणून तिकिटावर मोबाइल क्रमांक आपलाच द्यावा, म्हणजे गाडीच्या बदलाचा संदेश थेट आपल्याला येतो. आणि शक्य असेल तर घरातील एका माणसाच्या नावे खाते उघडून कुटुंबाची तिकिटे तेथूनच काढावीत. पापडीच्या त्या घरात हे काम आता पुतण्याकडे आले आहे. आत्याबाई अजूनही कागदी तिकीटच काढतात. फक्त गाडी रद्द झाली तर ते कोठेही, तीन दिवसांत, कोणत्याही खिडकीवर देता येते, हे त्यांनी तिकिटाच्या मागे शाईने लिहून घेतले आहे. परतावा कार्यालयाकडे पाठवलेल्या त्यांच्या अर्जाला उत्तर यायचे आहे.